नाटकातली रात्रपाळी: मन्यार चावलेला रुग्ण, एकटी डॉक्टर आणि पहाटेचे चार

तापीकाठ | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला शाळेत शिकवतो आणि आमच्या हौशी मंडळासाठी नाटकं लिहितो. यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दोन अंकी नाटक उतरवायचं आहे. सगळं नाटक एकाच रात्रीत घडतं. सातपुड्याच्या पायथ्याचं एक ग्रामीण रुग्णालय, ऑगस्ट महिना, बाहेर पाऊस. ड्यूटीवर डॉ. मेघा एकटीच आहे. दुसरे डॉक्टर रजेवर गेल्यामुळे तिची ही सलग दुसरी रात्र. सोबत सुमनसिस्टर आणि एक वॉर्डबॉय.

कथा अशी: रात्री एक वाजता साप चावलेले दोन रुग्ण येतात. एक तरणा शेतमजूर, दुसरा साठीचा शेतकरी. कपाटात सापाच्या लसीच्या दहाच कुप्या आहेत. दहाच्या दहा एकालाच लागणार. मेघाने कोणाला द्यायच्या, हा नाटकाचा पेच आहे.

मी रुग्णालयात कधी काम केलेलं नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत: उपचार खरे दिसावेत, थकवा खरा वाटावा आणि हा पेच खराखुरा पडतो का, ते कोणीतरी स्पष्ट सांगावं. आमच्या प्रेक्षकांत निम्म्या घरांनी साप चावलेलं माणूस पाहिलेलं असतं. त्यांच्यासमोर खोटं चालणार नाही.

वॉर्ड_तीन | रात्री १०.०५

सर, मी स्टाफ नर्स म्हणून ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत. तुम्ही विचारून लिहिताय, याचं समाधान वाटलं.

तुमचा पेच मात्र टिकणार नाही. साप चावला म्हणून कोणी लगेच लस लावत नाही. विषाची लक्षणं दिसली तर लस, नाहीतर २४ तास निरीक्षण. दोघांनाही एकाच वेळी लक्षणं दिसली, तरी आम्ही ज्याला आधी गरज त्याला सुरू करतो, दुसऱ्यासाठी शेजारच्या रुग्णालयातून कुप्या मागवतो. त्यात धावपळ असते, भांडणं होतात, पण कोण जगणार हे ठरवायची वेळ सहसा तिथे येत नाही.

खरी रात्र पाहायची असेल तर एकच रुग्ण घ्या आणि साप मन्यार घ्या. नाग आणि घोणस चावल्याचं माणसाला कळतं. मन्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. माणूस पोटात दुखतं म्हणून उठतो. घरचे ओवा देतात. तासा-दोन तासांनी त्याच्या पापण्या मिटायला लागतात आणि बायको म्हणते, “डोया उघडी नही ऱ्हायनात.” हे वाक्य मी ओपीडीच्या दारात इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडलं की मी खुर्चीतून उठायचे आणि हाताने श्वास द्यायचा फुगा, म्हणजे अंबू बॅग, कुठे आहे ते थेट बघायचे.

रावेरकर | रात्री १०.३१

ताई म्हणतात ते बरोबर, पण त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? आमच्या केळीच्या बागेत मजुराला साप चावला होता, त्याच्याही पापण्या मिटल्या होत्या. डॉक्टरांनी आधी ॲट्रोपीन दिलं, मग निओस्टिग्मिन. अर्ध्या तासात गड्याने डोळे उघडले, पाणी मागितलं. ते इंजेक्शन मेघाने दिलं की रुग्ण उठून बसणार, नाटक पहिल्या अंकातच संपेल. आणि हो, पायाला दोरी घट्ट आवळून आणलेला दाखवा, म्हणजे विष वर चढत नाही.

वॉर्ड_तीन | रात्री १०.५०

रावेरकर भाऊ, तुम्ही पाहिलं ते खरं आहे, पण तुमचा साप बहुधा नाग असणार. त्याच्या विषात हे इंजेक्शन चांगलं काम करतं. मन्यारचं विष वेगळ्या जागी बसतं. आम्ही तरीही एकदा देऊन बघतो, कारण साप कोणी धरून आणलेला नसतो. आधी ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीन शिरेतून, मग दीड मिलिग्रॅम निओस्टिग्मिन स्नायूत, आणि पापणी बुबुळाचा किती भाग झाकते ते आधी आणि नंतर लिहून ठेवायचं. तासाभरात फरक दिसला नाही, तर मनाची तयारी करायची.

दोरीचं मात्र ऐकू नका. घट्ट दोरीने काळा-निळा पडलेला पाय मी पाहिलाय, आणि डॉक्टर हजर नसताना ती दोरी सोडल्यावर माणूस एकदम ढासळलेलाही पाहिलाय. नाटकात दोरी दाखवायची असेल तर बांधणाऱ्याची चूक म्हणून दाखवा. अवयव लाकडी फळीला सैल बांधून न हलवता आणणं, एवढंच बरोबर.

मनोहर_पाचोरा | रात्री ११.१२

माझे वडील तीन वर्षांपूर्वी शेतात साप चावून गेले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात, पण आमच्या कागदात पोस्टमॉर्टेम नव्हतं. नातेवाईक म्हणाले, देहाची चिरफाड नको, आणि आम्ही घरी घेऊन गेलो. आता प्रकरण अडकलंय. इथे कोणी रुग्णालयातले आहेत तर सांगा, केसपेपरवर “सर्पदंश” लिहिलेलं पुरतं का?

वॉर्ड_तीन | रात्री ११.२०

मनोहर भाऊ, फार वाईट वाटलं. हा धागा नाटकाचा आहे, पण केसपेपरची आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवलेल्या केसच्या नोंदीची, प्रत रुग्णालयाच्या रेकॉर्डमधून अर्ज करून काढा, आणि ती घेऊन तालुका कृषी कार्यालयात विचारा. पुढचं ते सांगतील. तापीकाठ सर, हेही तुमच्या उपयोगाचं आहे. सर्पदंशाची एमएलसी होते, पोलीस चौकीला कळवावं लागतं. रात्री अडीचला एका हाताने रजिस्टर लिहिणारी आणि दुसऱ्या हाताने सलाईनचा वेग बघणारी सिस्टर दाखवा. ते अगदी रोजचं दृश्य आहे.

डॉ_अक्राणी | रात्री ११.५५

मी वैद्यकीय अधिकारी म्हणून नंदुरबारच्या डोंगराळ भागात सहा वर्षं होतो. ताईंच्या बोलण्यात थोडी भर घालतो.

मन्यारच्या बाबतीत बाहेरच्यांना न पटणारी गोष्ट ही, की लस दिल्यावरही माणूस बिघडत जातो. लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. मज्जातंतूंची टोकं आधीच बिघडली असतील तर ती दुरुस्त करत नाही. ती टोकं शरीर स्वतःच पुन्हा उभी करतं, आणि त्याला दिवस लागतात. तोवर माणसाला श्वास कोणीतरी द्यायचा असतो. म्हणजे तुमच्या नाटकात कुप्या संपण्याची भीती दुय्यम आहे. दहा कुप्या दिल्या, तासा-दोन तासांनी गरज पडली तर आणखी दहा, आणि त्यापुढे नाही. त्यापुढे जे चालतं ते हातांवर चालतं.

लस देण्याचं दृश्य घाईचं करू नका. कुपीत भुकटी असते. दहा मिलिलिटर पाणी घालून ती तळहातांत हळूहळू फिरवायची. हलवली तर फेस होतो आणि मग ती ओढता येत नाही. दहा कुप्यांना सिस्टरला बराच वेळ लागतो. त्या वेळात डॉक्टर रुग्णाला एका श्वासात अंक मोजायला सांगते. पहिल्यांदा तो २२ पर्यंत जातो. अर्ध्या तासाने १४. मग ९. प्रेक्षकांना बाकी काही कळलं नाही तरी हे आकडे कळतील. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन मात्र या सगळ्या वेळात ९७ दाखवत असतो. तो आकडा घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. थकलेला डॉक्टर इथेच फसतो, कारण त्याला यंत्राचा आकडा दिसतो, मोजणी कोणी ऐकत नाही.

निमा_दिग्दर्शन | सोमवार, सकाळी ७.४०

मी या नाटकाचं दिग्दर्शन करणार आहे, म्हणून थेट विचारते. अंक मोजणं रंगमंचावर अप्रतिम होईल. पण त्यानंतर काय दिसतं? प्रेक्षकाला दोन तास बघायला काय आहे? धावपळ, रुग्णवाहिका, सायरन?

डॉ_अक्राणी | सकाळी ८.१५

निमाताई, धावपळ फार थोडी असते. मोजणी नऊवर आल्यावर श्वासनलिकेत नळी घालायची. तरुण माणसाला साडेसात नंबरची. मान खाली लोंबकळायला लागली, लाळ गिळता येईना, पोट आणि छाती उलट्या दिशेने हलायला लागली की थांबायचं नाही. नळी बसली की अंबू बॅग जोडायची आणि दाबत राहायचं. ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर नसतो, किंवा असला तरी तो चालवणारा माणूस त्या रात्री नसतो. दर पाच सेकंदांनी एक दाब. मिनिटाला बारा. छाती वर येताना दिसली पाहिजे, तेवढंच दाबायचं.

पंधरा मिनिटांत हात भरून येतो. आणि थकलेला हात हळू होत नाही, उलट भराभर दाबायला लागतो. मिनिटाला पंचवीस, तीस. मग रुग्णाचं बीपी उतरतं आणि कोणाला कळत नाही का उतरलं. थकवा दाखवायचा असेल तर जांभया आणि चहाचे कप नकोत. सिस्टर फक्त एवढंच म्हणेल, “मॅडम, भरभर होतंय,” आणि मेघा दचकून हात सैल करेल.

आणखी एक. माझ्या एका रात्री मी केसपेपरवर ३.१० ऐवजी १.१० लिहिलं होतं. म्हणजे दुसरा डोस पहिल्याच्या आधी गेल्यासारखा दिसत होता. सकाळी सिस्टरनी दाखवलं. ॲट्रोपीन आणि ॲड्रिनालीनच्या अँप्युल शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून सिस्टर मोडायच्या आधी नाव मोठ्याने वाचते. तेही घ्या. लस सुरू असताना ॲड्रिनालीन भरून जवळ ठेवलेलं असतं, रिॲक्शन आली तर अर्धा मिलिग्रॅम मांडीत.

पावरा_धडगाव | सकाळी ९.०२

मी एरवी इथे लिहीत नाही. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, नाटकात भगत दुष्ट दाखवू नका. आमच्या पाड्यावरून रस्त्याला यायला झोळीतून दीड तास लागतो, पुढे गाडी मिळाली तर मिळाली. रात्री भगत दारात असतो. माझ्या भावाला मन्यार चावली तेव्हा भगतानेच पापणी वर करून बघितली आणि म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, उचला. त्याने चार माणसं दिली.

दुसरी गोष्ट भावाची. रुग्णालयात त्याला नळी घातली आणि मी व माझा काका रात्रभर तो फुगा दाबत होतो. पहाटे त्याचे डोळे उघडून टॉर्च मारली तर बाहुल्या मोठ्या होत्या, हलत नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, गेला हा, कशाला दाबताय. मी ऐकलं. पाच दिवसांनी मोठ्या दवाखान्यात भावाचं बोट हललं. तो घरी आल्यावर मला म्हणाला, त्या रात्री कोणीतरी मला गेला म्हणालं. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याला ओरडायचं होतं. तो आज ट्रॅक्टर चालवतो, पण खोलीत अंधार करून झोपत नाही.

कोणत्या रुग्णालयात, ते मी लिहिणार नाही. त्यांनीच त्याला जगवलं.

वॉर्ड_तीन | सकाळी ९.३०

दादा, तुम्ही हे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही नव्या मुलींना हेच सांगायचो. मन्यारमध्ये पापणी, बुबुळ, बाहुली, हात, पाय, खोकला सगळं बंद होतं. मेंदू चालू असतो. बाहुली मोठी आणि थिजलेली दिसली म्हणून माणूस गेला असं म्हणायचं नाही. त्याच्याशी बोलायचं. “भाऊ, तुझा श्वास आम्ही देतोय, घाबरू नको, नळीतून कफ काढतेय, खोकल्यासारखं होईल.” डोळे मिटून त्यावर ओली गॉज ठेवायची, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. बीपी चांगलं असेल तर झोपेचं औषध थोडं द्यायचं. आणि नाडी बघायची. नळीतून कफ ओढताना किंवा बायको नाव घेऊन बोलायला लागली की ८८ ची ११० होते. हा काही पुरावा नव्हे, पण रात्री चार वाजता आम्हाला तेवढा आधार पुरायचा.

तापीकाठ | दुपारी १.१०

मी हे सगळं शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास नीट घेता आला नाही. माझा कुप्यांचा पेच मी सोडून दिला. पण मग मेघापुढे निवड कसली? “दाबत राहा” यात नाटक आहे, पण निर्णय नाही. रुग्णाला जळगावला पाठवणं हाच निर्णय नाही का?

डॉ_अक्राणी | दुपारी २.४५

आहे, आणि तो फार अवघड आहे. मांडून दाखवतो.

समजा रात्री ३.५०. १०८ ला फोन केला. त्या गाडीवर डॉक्टर असतो, पण ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन धुळ्याला गेली आहे, साडेपाचला येईल. रुग्णालयाची स्वतःची साधी गाडी दारात उभी आहे. चालक आहे, डॉक्टर नाही. जळगाव तास-सव्वा तासाचं. रस्ता पावसाने खचलेला. खड्ड्यात गाडी आपटली आणि नळी निसटली, तर ती परत घालू शकणारं माणूस त्या रात्री त्या इमारतीत एकच आहे: मेघा. म्हणजे रुग्णाला आत्ता न्यायचं तर मेघाला सोबत जावं लागेल.

आणि वॉर्डात एक पहिलटकरीण आहे. गर्भाशयाचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलंय. बीपी १५०/१००. नॉर्मल बाळंतपण सुमनसिस्टर एकटी करेल, तिने शेकडो केलीत. पण झटके आले किंवा रक्तस्राव सुरू झाला तर तिला डॉक्टर हवा. मेघा गेली तर परत येईपर्यंत किमान तीन तास तिथे कोणी नाही.

जायचं की थांबायचं, हा पेच मला दोनदा पडला आहे. पहिल्या वेळी मी गेलो. माझी चूक झाली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मागे काही बिघडलं नाही, एवढंच.

रावेरकर | दुपारी ३.२०

माझं दोरीचं मागे घेतो, ताई. पण हा प्रश्न मला सोपा वाटतो. ऑक्सिजनचं सिलिंडर किती चालणार? ते संपलं तर थांबून काय उपयोग? न्यायलाच हवं.

डॉ_अक्राणी | दुपारी ३.४१

चांगला प्रश्न काढलात, पण उत्तर उलट आहे. वॉर्डात बी टाइप सिलिंडर असतं, त्यात साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. पण मन्यारच्या रुग्णाची फुप्फुसं चांगली असतात, बिघडलेले असतात ते स्नायू. छातीत उलटी गेली नसेल, तर साध्या हवेवर अंबू दाबूनही तो तगतो. सिलिंडर संपणं म्हणजे मरण नव्हे. हात थांबणं म्हणजे मरण. अशा रुग्णाला हातांवर कित्येक तास ठेवता येतं. म्हणून साडेपाचपर्यंत थांबणं हा पळपुटेपणा नाही, तो खराखुरा वैद्यकीय पर्याय आहे. लोकांना मात्र पळणारा डॉक्टर कामाचा वाटतो आणि बसलेला निष्काळजी.

वॉर्ड_तीन | दुपारी ४.१०

मी थांबा म्हणेन. रुग्णवाहिकेत अंधार, पाऊस, हेलकावे, त्यात एका हाताने नळी धरून दुसऱ्याने अंबू दाबणारी दोन रात्री जागलेली डॉक्टर. जिथे उजेड आहे, सक्शन आहे आणि चार हात आहेत, तिथे रुग्ण जास्त सुरक्षित. नातेवाईकाला दाबायला शिकवा. “दाब, सोड, मग मनात चारपर्यंत मोज.” दर दहा मिनिटांनी हात बदला. वॉर्डबॉयलाही बसवा. आणि सिस्टर पहिलटकरणीकडे जाताना प्रत्येक वेळी छातीकडे एक नजर टाकते.

एक गोष्ट मात्र नाटकात विसरू नका. नातेवाईक फुगा दाबतोय म्हणजे डॉक्टर मोकळी झाली असं नाही. नळीवर कुठल्या आकड्यापर्यंत आत गेलीय ते पट्टीजवळ लिहून ठेवायचं, आणि ती जागची हलली का हे तिने दर थोड्या वेळाने बघायचं.

निमा_दिग्दर्शन | सायंकाळी ६.००

आता मला नाटक दिसायला लागलं. पण एक विचारते, कारण माझं सगळं तिथे अडतंय. मेघा थांबायचं ठरवते, त्यात तिचं एक कारण दुसरी बाई आहे. मग ती मजुराच्या बायकोला काय सांगणार? “तुझ्या नवऱ्याला नेत नाही, कारण आत एक बाळंतीण आहे,” असं सांगणार का?

डॉ_अक्राणी | सायंकाळी ६.२५

मी सांगणार नाही. मी सांगेन, गाडीत धोका जास्त आहे, इथे तो सुरक्षित आहे, साडेपाचला डॉक्टरची गाडी येतेय. हे सगळं खरं आहे. दुसऱ्या बाईचं ओझं त्या बायकोच्या डोक्यावर कशाला? उद्या काही झालं तर ती आयुष्यभर त्या बाळाला दोष देत बसेल. निर्णय माझा, ओझं माझं.

वॉर्ड_तीन | सायंकाळी ६.५०

सर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. छोट्या रुग्णालयात काही लपत नाही. बाळंतिणीच्या कळा त्या बायकोला ऐकू येतातच. ती डॉक्टरला त्या खोलीत जाताना बघते. तिला आधी आपल्या तोंडून कळलं तर ती रागावेल, पण फुगा दाबत राहील. मागाहून वॉर्डबॉयकडून कळलं तर ती आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणि पुढचे दोन तास तिचेच हात आपल्याला हवे आहेत.

पावरा_धडगाव | रात्री ८.१५

आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नाही, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर काकांनी काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. ते कदाचित म्हणाले असते, आमच्या पोराला आधी न्या.

तापीकाठ | रात्री ११.४०

आत्ता शेवटच्या भागाचा कच्चा खर्डा लिहिला. तपासून द्याल का?

_(पहाटे ४.०५. मजूर पलंगावर, डोळ्यांवर ओली गॉज. त्याची बायको सखू अंबू दाबते आहे. आतून कळा देणाऱ्या बाईचा आवाज. मेघा नळीवरची पट्टी तपासते.)_

मेघा: सखूताई, थांबू नका, दाबत राहा. मी सांगते ते दाबता दाबता ऐका. गाडी दारात आहे. पण तिच्यात डॉक्टर नाही. याला नेलं तर मला जावं लागेल.

सखू: मंग चाला ना.

मेघा: आत एक बाई अडलीय. मी गेले तर तिच्याजवळ कोणी नाही. आणि वाटेत नळी निघाली, तर अंधारात मला ती परत घालता येईल याची मला खात्री नाही. दोन रात्री मी झोपलेली नाही. म्हणून मी थांबायचं म्हणतेय. साडेपाचला दुसरी गाडी येतेय.

_(सखू काही बोलत नाही. तिचा हात भराभर चालायला लागतो.)_

सुमन: ताई, भरभर होतंय. दाब… सोड… आणि चार मोजा.

सखू: _(हात सैल करत)_ ह्यासले ऐकू येस का?

सुमन: येतं. बोला त्यांच्याशी.

वॉर्ड_तीन | मंगळवार, सकाळी ६.३०

बरोबर आहे. दोन दुरुस्त्या. “अडलीय” म्हटलं की बाळ अडलंय असा अर्थ निघतो, आणि तसं असेल तर तिलाच आधी पाठवावं लागेल. “आत एक बाळंतपण चालू आहे, बीपी वाढलंय” असं म्हणा. आणि सखू बोलायला लागली की मेघाने नाडीच्या यंत्राकडे बघावं. तो आकडा प्रेक्षकांना दिसेल असा ठेवता येईल का?

निमा_दिग्दर्शन | सकाळी ७.०५

आकडा पडद्यावर नको, यंत्राचा टिकटिक आवाज ठेवू. सखू बोलली की तो जरा जलद होईल. तेवढंच.

डॉ_अक्राणी | सकाळी ७.५०

आवाज ठेवा. पण मेघाने सखूला सगळं सांगितलं, हे मला अजून पटलेलं नाही. मी त्या जागी असतो तर दुसऱ्या बाईचं वाक्य गिळलं असतं. तालमीत दोन्ही करून बघा. आणि तापीकाठ सर, १०८ साडेपाचला येते असं लिहिलंय. पावसात ती पावणेसातला आणा.